सामाईक खात्यातील पैसे कोणी काढले?

एकत्र कुटुंबातील दोन बंधूंचे बँकेत सामाईक खाते असले, म्हणजे पासबुक पाहून पैसे कोणी काढले हे कळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पासबुक खात्याचे असते, व्यक्तीचे नव्हे. त्यात तारीख, तपशील, रक्कम व शिल्लक असते. खातेदारांपैकी कोणी व्यवहार केला, ते नाव बहुधा नसते.

दोघांच्या सह्यांनीच चालणाऱ्या खात्यात हा प्रश्न उद्भवत नाही. 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो' अशा शर्तीच्या खात्यात मात्र तो पदोपदी उद्भवतो, कारण तेथे प्रत्येकास एकट्याच्या सहीने पैसे काढता येतात.

उदाहरणार्थ, पिंपळगाव बसवंत येथील एका घरातील दोन बंधूंचे असे खाते आहे असे समजू. शिल्लक २०,००० रुपये. बाजार समितीत विकलेल्या कांद्याचे ४८,००० रुपये जमा झाले. शिल्लक ६८,००० झाली. पुढे धनादेशाने १२,०००, यंत्रातून १०,००० व यूपीआयने ३,५०० गेले, उरले ४२,५००. आता प्रत्येक नोंदीचा माग निराळा आहे.

धनादेशाच्या नोंदीत क्रमांक असतो. स्थळप्रतीवर तो ताडून पाहावा. तेवढ्याने उलगडा न झाल्यास बँकेकडे अर्ज करून धनादेशाची प्रत मागावी. सही कोणाची, हे तेथे दिसते. यंत्रातून रक्कम काढली असल्यास दोघांची कार्डे निराळ्या क्रमांकांची असतात, आणि कोणते कार्ड वापरले हे बँकेच्या दप्तरी असते. तथापि, कार्ड व गुप्त अंक एकमेकांस दिले असतील तर दप्तर कार्डाचा धनी सांगेल, हात कोणाचा हे सांगणार नाही.

यूपीआयची गोष्ट सर्वांत फसवी आहे. प्रत्येक बंधूच्या भ्रमणध्वनीवर त्याने स्वतः केलेलेच व्यवहार दिसतात. शिल्लक मात्र सामाईक दिसते. म्हणून थोरल्यास आपल्या यादीत ३,५०० दिसत नाहीत, आणि शिल्लक तर कमी झालेली असते! अशा वेळी पासबुकातील त्या नोंदीचा बारा अंकी संदर्भ क्रमांक घ्यावा व तो धाकट्याच्या यादीत शोधावा. तेथे सापडला तर शंका फिटली. कोठेच न सापडला, तर त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्यावी.

व्यवहाराचा संदेश केवळ पहिल्या खातेदारासच जातो, असेही अनेक ठिकाणी घडते. तेव्हा दुसऱ्याचा क्रमांक नोंदविला आहे किंवा नाही, हे शाखेत विचारून घ्यावे. पासबुकाच्या पूर्ण नोंदी पाहण्याचा अधिकार मात्र दोघांचाही सारखाच आहे. महिन्यातून एकदा ते दोघांनी शेजारी बसून वाचले व प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने नाव मांडले, म्हणजे बँकेने न लिहिलेला रकाना घरीच भरून निघतो.