मुद्दा जिंकला, खटला हरला

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पडलेले उमेदवार कैलाश गोरंट्याल आणि एक मतदार, अशा दोघांनी निवडणूक याचिका दाखल केल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता मुदत संपली आणि खोतकरांचा अर्ज रीतसर दाखल झाला तो त्यानंतर. हे दाखवायला पुरावाही होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आयोगाच्या सूचनेप्रमाणे व्हिडिओ चित्रीकरण चालू होते.

या साध्या वादातून १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा निकाल आला. व्हॉट्सअ‍ॅप संदेश, सीसीटीव्ही, फोनचे कॉल रेकॉर्ड कोर्टात कसे चालतात, हा प्रश्न निघाला की आजही ‘अर्जुन पंडितराव खोतकर’ हेच नाव पुढे येते. पण हा निकाल सांगताना लोक हमखास घोटाळा करतात. कोणी म्हणते, प्रमाणपत्राशिवाय सीडी चालली, म्हणजे प्रमाणपत्राची गरज नाही. दुसरा म्हणतो, कोर्टाने प्रमाणपत्र सक्तीचे केले, म्हणजे ते नसेल तर सीडी कचऱ्यात. दोघांनीही निकालाचे एकेकच टोक धरलेले असते. नियम कोणता सांगितला आणि या खटल्यात घडले काय, या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय हा निकाल कळत नाही.

आधी नियम. माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २००० साली जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आले. संगणकातल्या मजकुराची छापील प्रत, सीडी किंवा पेन ड्राइव्हवरची नक्कल मूळ यंत्र हजर न करताही पुराव्यात घेता येईल, पण सोबत प्रमाणपत्र हवे, असे ते सांगते. प्रमाणपत्रात नोंद कोणती, ती कशी तयार झाली, कोणत्या यंत्रावर, ते यंत्र त्या काळात नेहमीच्या कामासाठी नियमित वापरले जात होते का आणि नीट चालत होते का, हे लिहायचे. सही करणारा माणूस त्या यंत्राची किंवा त्या कामाची जबाबदारी असलेल्या पदावरचा हवा. रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याने सीडी काढून दिली म्हणून त्याची सही चालत नाही.

हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एका दिशेने नव्हते. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली कॉल रेकॉर्ड त्याशिवाय स्वीकारले गेले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ‘अन्वर विरुद्ध बशीर’ निकालाने ते मत रद्द केले आणि सक्ती आणली. (जालन्यात अर्ज भरण्याची मुदत संपली ती त्यानंतर नऊच दिवसांनी.) पुढे २०१८ साली ‘शफी मोहम्मद’ प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी सांगितले की यंत्र ज्याच्या ताब्यात नाही, त्याच्याकडून प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये. खोतकर निकालाने हा गोंधळ मिटवला. अन्वर बरोबर, शफी मोहम्मद चूक. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच, आणि साक्षीदाराने तोंडी सांगितल्याने त्याची जागा भरून निघत नाही.

मूळ यंत्रच आणले तर गोष्ट वेगळी. मालकाने आपला फोन किंवा लॅपटॉप घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे, यंत्र आपलेच आहे आणि नोंद मूळ त्यातच साठवलेली आहे हे सिद्ध करावे, मग प्रमाणपत्र लागत नाही. पण दूरसंचार कंपनीची यंत्रणा काही कोर्टात उचलून आणता येत नाही. तिथे प्रमाणपत्र हाच मार्ग.

आता घटना. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून आयोगाच्या अधिकाऱ्यांनी सीड्या हजर केल्या, पण प्रमाणपत्राविना. याचिकाकर्त्यांनी ते मिळावे म्हणून अधिकाऱ्यांकडे वारंवार लेखी मागणी केली. ते मिळालेच नाही. निर्णय अधिकाऱ्यांनी उलटतपासणीत चित्रीकरण कसे झाले ते सांगितले, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेवढ्यावर कलमाची पुरेशी पूर्तता झाली असे धरून २०१७ साली निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात खोतकरांचा मुद्दा होता की प्रमाणपत्र सक्तीचे आहे, म्हणून सीड्या बाद करा. पहिला भाग न्यायालयाने मान्य केला. तोंडी साक्षीने पूर्तता होते, हे उच्च न्यायालयाचे मत चुकीचे ठरवले. तरीही अपील फेटाळले! कारण कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी हाती होते ते सगळे केले आणि दुसऱ्याने ते दिलेच नाही, त्याला त्याची शिक्षा देता येत नाही. शिवाय सीड्या बाजूला ठेवल्या तरी इतर पुराव्यावरूनही अर्ज उशिरा आल्याचे दिसत होते. तोवर २०१९ची निवडणूक होऊन गोरंट्याल निवडून आले होते, हा भाग वेगळा.

नियम आणि घटना वेगळे करायची वकिलांची एक जुनी रीत आहे. एकेक घटना बदलून पाहायची आणि निकाल हलतो का ते तपासायचे. मतदारसंघ जालन्याऐवजी लातूर असता तर? काहीच फरक नाही. फरक २९६ऐवजी तीस हजार मतांचा असता तर? प्रमाणपत्राच्या प्रश्नावर तरीही नाही. याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र कधी मागितलेच नसते तर? इथे निकाल हलतो. सवलत पाठपुराव्यामुळे मिळाली, म्हणून कोणतेही पत्र न पाठवता ‘यंत्र माझ्या ताब्यात नव्हते’ एवढेच म्हणणाऱ्याला हा निकाल उपयोगी पडत नाही. अशा माणसाने कोर्टाकडे अर्ज करावा, म्हणजे कोर्ट संबंधितांना प्रमाणपत्र देण्याचा हुकूम करू शकते, हा मार्गही निकालात दाखवला आहे. प्रमाणपत्र नोंदीसोबतच यावे ही अपेक्षा आहे. मात्र खटला संपेपर्यंत ते दाखल करायची परवानगी कोर्ट देऊ शकते, फौजदारी खटल्यात आरोपीचे नुकसान होणार नाही हे पाहून.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात निसटते. प्रमाणपत्र पुराव्याला फक्त दार उघडून देते. आत आल्यावर चित्रफीत खरी की कापाकापी केलेली, त्यातला माणूस तोच का, हे वाद उरतातच. ‘ग्राह्य’ आणि ‘सिद्ध’ यांत हे अंतर आहे.

१ जुलै २०२४पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३खाली प्रमाणपत्राचा छापील नमुनाच दिला आहे. एक भाग नोंद दाखल करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहायचे. हा फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा संच असतो. चित्रफितीतला एक क्षण जरी कापला तरी तो बदलतो. त्यामुळे सोसायटीच्या सीसीटीव्हीतून नक्कल काढताना तेव्हाच हॅश नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आली की लहान करून पाठवलेली असते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.