प्रेक्षक नेमका कुठे उठून गेला?

आपला व्हिडिओ किती जणांनी उघडला, हे व्ह्यूजच्या आकड्यावरून कळतं. त्यातले किती जण कुठवर थांबले, हे सांगते यूट्यूब स्टुडिओमधली ऑडियन्स रिटेन्शनची रेघ. अॅनालिटिक्समध्ये एकेका व्हिडिओचा हा आलेख मिळतो. आडव्या अक्षावर व्हिडिओची वेळ आणि उभ्या अक्षावर त्या क्षणी बघत असलेल्यांची टक्केवारी. व्हिडिओ टाकल्यावर हा आलेख भरायला एखाद-दोन दिवस लागतात. रेघ उतरतीच असते, प्रत्येकाची. पाहायचं ते एवढंच, की ती कुठे एकदम खाली येते आणि त्यानंतर तिचं काय होतं.

कारण घसरणीचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. रेघ खाली जाऊन थोड्या वेळाने पुन्हा वर आली, तर तो खळगा. तिथे लोकांनी व्हिडिओ सोडलेला नाही, तेवढा भाग पुढे सरकवलाय. रेघ खाली आली आणि खालीच राहिली, तर तो कडा. तिथून लोक गेले ते गेलेच.

पुरणपोळीचा दहा मिनिटांचा एक व्हिडिओ घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. पहिल्या तीस सेकंदांतच शंभरातले पंचेचाळीस गेले. तिथे काय आहे? चॅनेलचं नाव, संगीत, नमस्कार, सबस्क्राइब करायची विनंती. थंबनेलवर मात्र लिहिलंय, ‘पुरण बाहेर येणार नाही!’ लोक ते बघायला आले आणि अर्धा मिनिट त्याचा पत्ताच नाही. हा कडा. पुढच्या व्हिडिओत पहिल्याच दृश्यात टम्म फुगलेली पोळी तव्यावर दिसावी, ती का फुटत नाही हे एका वाक्यात सांगावं आणि लगेच डाळ मोजायला घ्यावी. सबस्क्राइब करा म्हणायचंच असेल, तर पोळी भाजून झाल्यावर म्हणावं.

दोन मिनिटं दहा सेकंदांपासून पन्नास सेकंदांचा खळगा आहे. कुकर लावलाय, शिट्ट्या होतायत आणि ताई हरभऱ्याच्या डाळीचे गुण सांगतायत. लोकांनी ते ओलांडलं आणि गूळ घालताना परत आले. इथे रेसिपी बिघडलेली नाही, फक्त वेळ लांबलाय. पुढच्या वेळी शिट्ट्यांच्या वेळात कणीक तिंबून घेताना दाखवली, तर ती जागा भरते आणि कणकेचा वेगळा भागही वाचतो.

सहा मिनिटं वीस सेकंदांवर रेघ उलट वर चढलीय. तिथे उंडा भरायचा क्षण आहे. एखादा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला की तोही मोजला जातो, म्हणून काही ठिकाणी ही रेघ शंभर टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. नवशिके अशा शिखरावर खूश होतात. मी म्हणेन, आधी ते दृश्य स्वतः नीट पाहा. कॅमेरा समोरून लावलाय, तळहाताआड पारी दिसतच नाही आणि कडा मिटण्याची हालचाल दोन सेकंदांत उरकलीय. लोकांना ते आवडलं म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं असेल, पण दिसलं नाही म्हणूनही पाहिलं असेल. दोन्हींवर उपाय एकच: कॅमेरा वरून लावा, एक उंडा सावकाश भरा. मात्र व्हिडिओला चॅप्टर दिलेले असतील, तर चॅप्टरच्या सुरुवातीला थेट उडी मारणाऱ्यांमुळेही शिखर दिसतं. तेव्हा ते तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

नऊ मिनिटं पाच सेकंदांवर पुन्हा कडा. ‘तर मंडळी, अशी झाली आपली पुरणपोळी,’ हे वाक्य ऐकताच लोक निघाले आणि दुधात पोळी बुडवून खाण्याचं दृश्य बहुतेकांनी पाहिलंच नाही. निरोपाचा सूर लागला की प्रेक्षक उठतो. ते वाक्य काढावं आणि पोळी ताटात पडल्यावर लगेच दूध-तूप यावं.

दृश्य शोधताना एक पथ्य पाळावं. घसरण जिथे दिसते, कारण त्याच्या पाच-दहा सेकंद आधी असतं. कंटाळा आल्यावर बोट स्क्रीनकडे जायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून व्हिडिओ थोडा मागून, आवाजासकट लावावा.

व्ह्यूज पन्नासच असतील, तर एक माणूस म्हणजे दोन टक्के. चार जण एकदम उठले तरी कडा दिसेल. अशा रेघेवर विसंबून काही बदलू नये. तुलनाही जवळपास तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी करावी. तीन मिनिटांची कोशिंबीर आणि दहा मिनिटांची पुरणपोळी एका मापाने मोजता येत नाहीत. शिवाय नवे आणि नेहमीचे प्रेक्षक यांच्या रेघा वेगळ्या करून पाहिल्या, तर कधी असंही दिसतं, की त्या नमस्काराला नेहमीचे थांबतात आणि फक्त नवे जातात. तेव्हा नमस्कार पूर्ण काढायची गरज नाही, तो पोळीच्या दृश्यानंतर ठेवला तरी पुरे. एका व्हिडिओत एकच बदल करावा आणि पुढच्या आलेखात तीच तीस सेकंदं पाहावीत. पंचावन्नच्या जागी पासष्ट जण थांबलेले दिसले आणि पुढच्या दोन-तीन व्हिडिओंतही तसंच राहिलं, तर मग कुकरच्या खळग्याकडे वळावं.