पंपावरचे जास्तीचे आठ रुपये

पंपावर गाडी थांबते, काच खाली होते आणि प्रश्न येतो : 'साधं टाकू की प्रीमियम?' गाडी नवी असेल तर आपलं मन जरा डळमळतं. महाग पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं, त्यानं पिकअप सुधारेल, ॲव्हरेज वाढेल, असा एक समज आहे. पंपावरच्या पाट्या तो दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत.

पाटीवरचा ९५ किंवा १०० हा आकडा ऑक्टेनचा असतो. एका लिटरात किती ऊर्जा आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. दाबाखाली, ठिणगी पडण्याआधीच किंवा भलत्याच जागी पेट न घेता पेट्रोल किती तग धरतं, एवढंच तो सांगतो. हे मोजमाप १९२०च्या दशकात अमेरिकेत ठरलं. आयसोऑक्टेन हे सहजी न भडकणारं रसायन, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन झटकन भडकणारं, त्याला शून्य. आजही एका सिलिंडरचं, दाब कमी-जास्त करता येणारं ठरावीक चाचणी इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून पेट्रोल कुठे 'नॉक' होतं, ते पाहतात. ज्याला ९१ म्हणतो ते पेट्रोल त्या इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं.

नॉक होतं म्हणजे काय? इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असताना एक फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, तिथून ज्वाळा पसरत जाते आणि दोन-तीन मिलिसेकंदांत सगळं मिश्रण जाळून टाकते. या वेळात कोपऱ्यात उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण वाढत्या दाबानं आणि उष्णतेनं तापत राहतं. ज्वाळा पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. हे जोरात आणि वारंवार झालं तर पिस्टनला इजा होते. ऑक्टेन जास्त असलेलं पेट्रोल या कोपऱ्यातल्या मिश्रणाला अधिक वेळ थोपवून धरतं. त्याचं काम इथेच संपतं. जे इंजिन मुळात नॉक होतच नाही, त्यात थोपवायला काही नसतं.

आता आपल्या गाड्यांकडे येऊ. भारत स्टेज ६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ हवा, आणि बहुतेक छोट्या, बिनटर्बोच्या गाड्या याच हिशेबानं बनवलेल्या असतात. शिवाय साध्या पेट्रोलमध्ये सध्या वीस टक्के इथेनॉल आलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो. त्यामुळे ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे साधी नळीसुद्धा आज जवळपास ९५ देते, आणि शेजारच्या '९५' पाटीसाठी जास्तीचे पैसे मोजताना ऑक्टेनच्या बाबतीत हाती फारसं काही लागत नाही. दुसरं असं, की इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणूनच ऑक्टेन वाढूनही अनेकांचं ॲव्हरेज घसरलं. ऑक्टेन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचा याहून ढळढळीत पुरावा शोधायला नको.

हिशेब करून पाहू. समजा, साधं पेट्रोल १०४ रुपये आहे आणि प्रीमियम ११२. गाडी १५चं ॲव्हरेज देते, महिन्याला ९०० किलोमीटर धावते. साठ लिटर लागतात. साध्याचे ६,२४० रुपये, प्रीमियमचे ६,७२०. जास्तीचे ४८० रुपये भरून निघायचे तर ॲव्हरेज जवळपास आठ टक्क्यांनी वाढायला हवं, म्हणजे १५वरून १६च्या पुढे जायला हवं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये मुद्दाम अशा गाड्या तपासल्या, ज्यांच्या कंपन्या प्रीमियमची शिफारस करतात पण सक्ती करत नाहीत. त्यांतही सरासरी सुधारणा निघाली २.७ टक्के. आपल्या गाडीला तेवढी मिळाली असं धरलं तरी महिन्याला तीनशे रुपये पदरचेच जातात. आणि ज्या गाड्या साध्या पेट्रोलसाठीच बनल्या आहेत, त्यांत याच संघटनेला २०१६ मध्ये लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नव्हता.

मग शिफारस असलेल्या गाडीत तरी फरक का पडतो? बऱ्याचदा टर्बोमुळे. टर्बो इंजिन हवा दाबून आत भरतं, म्हणून कोपऱ्यातलं मिश्रण लवकर तापतं. इंजिनाच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्याला तो खडखडाट जाणवला, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो. नॉक थांबतं, पण थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज जातं. प्रीमियम भरलं की ठिणगी पुन्हा मूळ जागी येते. मूळ जागेच्या पलीकडे मात्र ईसीयू जात नाही. ती मर्यादा कंपनीनं आधीच आखून दिलेली असते, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तरी.

एप्रिलच्या दुपारी पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन, एसी लावून कसारा घाट चढताना चौथ्या गिअरवर रेटा दिला, तर ईसीयूला ठिणगी मागे खेचावी लागण्याची शक्यता सर्वांत जास्त. इथे टर्बो गाडीला जास्त ऑक्टेनचा खरा उपयोग आहे. पण तिसरा गिअर टाकून इंजिनाला जरा मोकळं फिरू दिलं, तरी नॉकिंग बहुधा थांबतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

जुनी, साध्यावर वर्षानुवर्षं गुपचूप चाललेली गाडी अचानक घाटात खडखडायला लागली, तर प्रीमियमनं आवाज दबेल. पण कारण तसंच राहील. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन दाब वाढवतो, कूलंट कमी असेल तर उष्णता वाढते, कधी चुकीच्या रेंजचे प्लग बसवलेले असतात. आधी हे तपासायला हवं.

प्रीमियममधल्या साफ करणाऱ्या रसायनांचा मुद्दा ऑक्टेनपासून वेगळा काढायला हवा. ती इंजेक्टर स्वच्छ ठेवायला मदत करतात, हे खरं. पण ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे ते इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मग त्यावरची काजळी कशी धुतली जाणार?

आपल्या गाडीला काय लागतं, हे बऱ्याचदा इंधनटाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे '९५ आवश्यक' असेल तर वाद नको, तेच भरायचं. '९५ची शिफारस' असेल तर निर्णय आपला. '९१' असेल तर प्रश्नच मिटला. अमेरिकेतल्या नातेवाइकांशी ही चर्चा निघाली, तर त्यांचे आकडे वेगळ्या पद्धतीनं काढतात हे लक्षात ठेवा. तिथलं साधं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.

तरीही मन राजी नसेल, तर चांगल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घाटाच्या चढावर ठिणगीची वेळ किती मागे खेचली जाते, ते बघता येतं. एकदा साध्यावर आणि मग टाकी पुरती रिकामी होत आल्यावर प्रीमियमवर, त्याच चढाला, त्याच वजनानं. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तर तुमच्या गाडीनं तुम्हाला उत्तर दिलेलं आहे.