विहिरीकडची दोन एकर

समजा, वडिलांच्या मागे एकाच गटात चार एकर जमीन उरली आहे. रस्त्याकडची दोन एकर बागायत, मागची दोन जिरायत. विहीर रस्त्यापासून एक एकर आत आहे. वारस दोघेच, गावात शेती करणारा भाऊ आणि शहरात नोकरी करणारी बहीण. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानंतर दोघांचा हक्क सारखाच आहे.

भाऊ म्हणतो, ‘पुढची दोन एकर मला.’ बहीणही तेच म्हणते. मग दीडवर तडजोड, सव्वावर तडजोड, अशी घासाघीस सुरू होते. जो जास्त ताणून धरेल त्याला जास्त मिळते, म्हणून कुणीही खरी गरज बोलून दाखवत नाही. शेवटी भावकी बसते आणि पुढची एकेक, मागची एकेक अशी वाटणी करते. दोन वारसांचे चार तुकडे होतात, विहीर सामाईक राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात मोटार कुणी कधी लावायची यावरून नवे भांडण पेटते. ही मागणीवर अडून केलेली बोलणी.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ च्या ‘गेटिंग टू यस’ या पुस्तकात दुसरी वाट मांडली. माणूस काय मागतो यापेक्षा ते का मागतो, हे आधी विचारायचे.

इथे विचारले तर भावाला पाणी हवे आहे आणि ट्रॅक्टर वळेल असे सलग रान. बहिणीला शेती करायचीच नाही. तिला रस्त्यालगत घर बांधायचे आहे आणि माहेरच्या सातबाऱ्यावर आपले नाव राहायला हवे आहे. दोघेही मागत होते तीच दोन एकर, पण कारणे वेगळी. म्हणून रस्त्याकडची एक एकर तिची, विहिरीसह उरलेली सलग तीन एकर त्याची, असा मार्ग दिसतो. तिच्या हद्दीतून त्याला बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट मात्र लिहून द्यावी लागेल.

एक विरुद्ध तीन एकर न्याय्य कसे? रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव मागच्या जिरायतीपेक्षा बराच जास्त असू शकतो. तो अंदाजाने ठरवू नये. सरकारी मोजणी करून घ्यावी, दोघांना मान्य असलेल्या मूल्यांककाकडून किंमत काढावी, फरक निघाला तर तो हप्त्यांनी रोख द्यावा आणि नोंदणीकृत वाटणीपत्र करावे.

दोघेही ऊसच लावणार असते, तर ‘का’ विचारून पाणी वाढले नसते. तिथे पाळ्या ठरवाव्या लागतात, वीजबिल वाटून घ्यावे लागते. आणि बहिणीकडून आधीच हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा घाट असेल, तर गरजांची चर्चा हा निव्वळ दबाव ठरतो. तिचा अर्धा हिस्सा मान्य झाल्यावरच तिला काय हवे हे विचारण्याला अर्थ आहे.