रामा साडीवर विटकरी ब्लाउज

रामा रंगाची साडी चांगली आहे, पण तिच्यावरचा ब्लाउज घट्ट होऊन कधीच बाद झालाय. नेमकी तीच छटा दुकानात मिळणं कठीण. अशा वेळी घरातले बाकीचे ब्लाउज पलंगावर पसरावेत आणि रंगचक्र समोर ठेवावं.

चक्रात बारा रंग असतात. लाल, पिवळा आणि निळा सारख्या अंतरावर. त्यांच्या मधोमध केशरी, हिरवा, जांभळा आणि या सहांच्या फटींत आणखी सहा. रामा म्हणजे निळ्याकडे झुकलेला हिरवा, म्हणून त्याची जागा हिरव्या-निळ्याच्या मध्ये. त्याच्या बरोबर समोर येतो लाल-केशरी, म्हणजे आपला शेंदरी.

नुसतं ‘लालसमोर हिरवा’ पाठ करून इथे भागत नाही. लाल कुणीकडे झुकलाय ते बघावं लागतं. शेंदरीसमोर रामा येतो. जांभळ्याकडे झुकलेल्या राणी रंगासमोर मात्र पोपटी.

आता रामावर भडक शेंदरी घातला, तर दोन्ही रंग एकमेकांना चढवतात. मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1839 साली हे सविस्तर मांडलं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचं काम त्याच्याकडे होतं. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्याच्या लक्षात आलं.

लग्नात हा भडकपणा शोभतो, ऑफिसात डोळ्यांवर येतो. मग जागा तीच ठेवून रंग मंद करायचा. शेंदरी गडद आणि मळकट केला की विटकरी होतो, आणि असा ब्लाउज बहुतेक घरी असतोच. तपकिरीसुद्धा मुळात काळवंडलेला केशरीच. निळ्या जीन्सवर तपकिरी पट्टा सहज जमतो तो म्हणूनच.

विरोधी रंग नको असेल तर शेजारी घ्यावा, हिरवा किंवा निळा. हे सोपं वाटतं, पण माझ्या मते फसगत इथेच जास्त होते. साडी आणि ब्लाउज दोन्ही सारखेच गडद असले, तर बघणाऱ्याला वाटतं, मॅचिंग करायला गेली आणि जमलं नाही. शेजारचा रंग घेताना एक स्पष्ट गडद आणि दुसरा स्पष्ट फिका हवा. शंका आली तर दोन्ही कपडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसले, तर ती जोडी सोडून द्यावी.

ही पारख खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात करावी. पिवळ्या दिव्याखाली निळा मंदावतो आणि रामा सरळ हिरवा वाटू लागतो. काळा, पांढरा आणि करडा यांना चक्रात जागाच नाही, त्यामुळे ते कशावरही चालतात. जरीचं तसं नाही. सोनेरी काठ पिवळ्याच्या घरातला, तेव्हा ब्लाउज निवडताना त्यालाही मोजावं.