एका गोळीत तीन औषधं

एआरटी सेंटरवर आज बहुतेक रुग्णांना दिवसाला एकच गोळी दिली जाते. तिला तिथे सगळे टीएलडी म्हणतात. त्या एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. ती नेमकी कुठे काम करतात हे पाहायचं, तर विषाणूच्या मागोमाग पेशीत शिरावं लागेल.

एचआयव्ही आधी पांढऱ्या पेशीवरच्या सीडी४ या रेणूला चिकटतो, मग शेजारच्या सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या दुसऱ्या रेणूला. त्यानंतर त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि तो आत उतरतो. मॅराव्हिरॉक सीसीआर५ अडवतं, एन्फुव्हर्टाइड आवरणं मिसळू देत नाही. ही दारावरची औषधं आपल्याकडे क्वचितच वापरली जातात.

आत आलेल्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते, आणि पेशीच्या गुणसूत्रात शिरायचं तर ती डीएनएच्या रूपात हवी. हे उलट्या दिशेचं काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर करतं. एकेक अक्षर जोडत ते डीएनएची साखळी विणत जातं. टेनोफोविर म्हणजे त्यातल्या ‘ए’ अक्षराची नक्कल, लॅमिव्हुडिन ‘सी’ची. विकर फसतं आणि खऱ्या अक्षराऐवजी नक्कल उचलून जोडतं. पण पुढचं अक्षर ज्या कडीत अडकवायचं, ती कडीच या नकलांना नसते. मागे कपलिंग नसलेला डबा जोडल्यावर गाडी जशी तिथेच संपते, तशी साखळी अर्धवट राहते. १९८७ साली आलेलं झिडोव्हुडिन, एड्सवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध, याच पद्धतीचं. नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ यांची तऱ्हा वेगळी. ती साखळीत शिरत नाहीत, विकराच्या एका खोबणीत पाचर मारावी तशी बसतात आणि त्याची हालचालच थांबवतात.

या विकराला एक खोड आहे: ते आपल्या चुका तपासत नाही. त्यामुळे विषाणूच्या प्रती थोड्याथोड्या बदलत राहतात, आणि विकरातलं एकच ठरावीक अमिनो आम्ल बदललं तरी लॅमिव्हुडिनचा जोर बराच ओसरतो. म्हणून औषध कधी एकटं देत नाहीत.

त्यातूनही डीएनए तयार झालाच, तर पुढची पायरी इंटिग्रेज या विकराची. ते विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत शिवून टाकतं. या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन आयन असतात आणि डोल्युटेग्राविर नेमकं त्यांनाच धरून बसतं. धातूला चिकटण्याचा हा गुण मात्र पोटात नडू शकतो. समजा, टीएलडीवर असलेल्या एका गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि विसरायला नको म्हणून ती सकाळी उपाशीपोटी दोन्ही एकदम घेते. आता डोल्युटेग्राविर आतड्यातच कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. बाई एकही गोळी चुकवत नाही, तरी व्हायरल लोड चढू शकतो. तपासणीत तो हजाराच्या वर दिसला, की तिला विचारायचा प्रश्न ‘गोळ्या घेता ना?’ एवढाच नसावा, ‘सोबत काय घेता?’ हाही असावा. उपाय सोपा आहे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी टीएलडीसोबतच घ्यायची तर दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात. उपाशीपोटी घ्यायच्या असतील तर टीएलडी आधी घ्यावी आणि दुसरी गोळी निदान दोन तासांनी. जळजळीवरच्या अँटासिडला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे वेळेचं अंतर ठेवावंच लागतं.

एकदा शिवण झाली, की पेशी स्वतःच विषाणूची प्रथिनं बनवू लागते. ती एका लांब पट्टीसारखी निघतात. पेशीतून सुटणाऱ्या नव्या विषाणूत प्रोटिएज नावाचं विकर या पट्टीचे तुकडे करतं, तेव्हाच तो विषाणू पक्का होतो. अटाझानाविर, लोपिनाविर, दारुनाविर ही औषधं त्या कात्रीच्या पात्यांमध्ये अडकतात. विषाणू पेशीबाहेर पडतो खरा, पण कच्चा, दुसऱ्या पेशीला लागण न करू शकणारा. यकृत ही औषधं भराभर मोडतं, म्हणून सोबत थोडं रिटोनाविर देऊन यकृताचा वेग कमी करतात.

शिवण झालेल्या जागी मात्र यातलं एकही औषध पोचत नाही. काही पेशी विषाणूचा डीएनए पोटात घेऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात. त्या पेशी प्रथिनं बनवत नाहीत, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांनाही दिसत नाहीत. त्यातली एखादी जागी झाली की नवे विषाणू बाहेर पडतात. गोळी चालू असेल तर ते पुढच्या पेशीत अडतात. गोळी बंद केली, तर व्हायरल लोड कितीही काळ शून्यावर असला तरी बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो.