पहिल्या फेरीतले हिसके

२८ मार्च २०२३ रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ हा गेम पीसीवर आला. गेम सुरू करताच मेन्यूवर शेडर तयार होत असल्याची सूचना आणि हळूहळू सरकणारा टक्केवारीचा आकडा दिसू लागला. जुन्या प्रोसेसरवर तो शंभरापर्यंत पोचायला बराच वेळ लागे. ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी तसंच खेळायला घेतलं आणि गेम पावलोपावली अडखळू लागला.

शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम. ओल्या रस्त्यावरची चकाकी, धुराचा विरळपणा, कातडीवर पडलेला उजेड, हे सगळं पडद्यावर कसं रंगवायचं ते तो ठरवतो. मोठ्या गेममध्ये असे हजारो शेडर असतात.

प्लेस्टेशनच्या एका मॉडेलमध्ये ग्राफिक्स चिप सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे गेमसोबत तयार शेडरच दिले जातात. पीसीत मात्र कोणाकडे कुठलं कार्ड आणि कुठला ड्रायव्हर असेल ते गेम बनवणाऱ्यांना ठाऊक नसतं. म्हणून ते शेडर अर्धवट तयार रूपात देतात. त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत त्यांचं शेवटचं रूपांतर खेळणाऱ्याच्या घरी होतं. ते ड्रायव्हर करतो आणि त्याची सगळी मेहनत पडते प्रोसेसरवर. कार्ड कितीही महागडं असलं तरी इथे त्याचा उपयोग नसतो.

सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, खेळाडूने दार उघडलं आणि आत पहिल्यांदाच ठिणग्या उडाल्या. त्यांचा शेडर तयार नसेल आणि तो व्हायला १०० मिलिसेकंद लागले, तर सहा चित्रांचा वेळ गेला. पडदा क्षणभर थिजतो आणि हिसका बसतो. आठ कोअरच्या प्रोसेसरवर हे काम बाजूच्या मोकळ्या कोअरवर आधीच उरकता येतं. चार कोअरवर गेम स्वतःच सगळी जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे दोघांची ओढाताण होते.

एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो. म्हणूनच दोष ओळखायची खूण सोपी आहे. त्याच खोलीत पुन्हा गेल्यावर सगळं सुरळीत चाललं, तर हिसका शेडरचा होता. दर वेळी तिथेच अडखळत असेल, तर कारण वेगळं. नव्या भागाची माहिती डिस्कवरून वाचताना किंवा मेमरी अपुरी पडल्यावरही असंच होतं. सगळीकडेच वेग कमी असेल, तर तो शेडर तयार झाल्यानेही वाढणार नाही.

ड्रायव्हर अपडेट केल्यावर जुना साठा सहसा निकामी होतो आणि हेच काम पुन्हा करावं लागतं. त्यामुळे नवा गेम लावल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर मेन्यूवरचा आकडा शंभरावर जाईपर्यंत ब्राउझर बंद ठेवावा, आणि मगच ‘न्यू गेम’ दाबावं.